एक सोडून एक बाद: शेवटी कोण उरणार हे खेळ सुरू व्हायच्या आधीच कसं ओळखायचं

कोडं साधं आहे. काही माणसं गोल करून बसलीत, त्यांना १ पासून नंबर दिलेत. १ नंबरवाला राहतो, २ बाद. ३ राहतो, ४ बाद. असंच एक सोडून एक बाद करत गोल गोल फिरत राहायचं, बाद झालेला उठून जातो आणि त्याची जागा परत मोजायची नाही, आणि शेवटी एकच जण उरेपर्यंत थांबायचं नाही. प्रश्न एवढाच, तो एकच जण कोणत्या नंबरचा?

याचं उत्तर एका ओळीच्या सूत्रात मिळतं आणि ते पाठ करायला दहा सेकंद पुरतात. पण नुसतं पाठ केलं की चार दिवसांनी "दोनने गुणायचं आधी की वजा करायचं आधी" असा घोळ होतोच, माझा तरी झाला होता, म्हणून आधी एकदा हाताने करून बघू आणि मग सूत्र आपोआप कसं निघतं ते बघू.

आधी १३ पानं मांडा

पत्त्यांचा कॅट घ्या आणि त्यातला कुठलाही एक रंग काढा, समजा बदाम. एक्का ते राजा अशी बरोबर १३ पानं होतात, एक्का म्हणजे १, गुलाम ११, राणी १२, राजा १३. टेबलावर घड्याळासारखी गोल मांडा, सरळ बाजू वर ठेवून.

आता एक्क्यावर बोट ठेवा, तो राहिला. दुर्री बाद, उलटी करा. तिर्री राहिली, चार बाद. असं करत सहा, आठ, दहा आणि राणी बाद होतात. राणीनंतर राजा येतो, तो राहतो. आणि आता नीट बघा, इथेच जवळजवळ सगळे चुकतात. राजा राहिला म्हणजे त्याच्या पुढचा बाद व्हायला हवा, आणि राजाच्या पुढे कोण आहे तर एक्का. म्हणजे एक्का बाद! मग तिर्री राहते, पंजी बाद, सत्ती राहते, नऊ बाद, गुलाम राहतो, राजा बाद. आता उरले तिघं: तिर्री, सत्ती, गुलाम. तिर्री राहते, सत्ती बाद, गुलाम राहतो, तिर्री बाद. संपलं, गुलाम जिंकला. म्हणजे १३ साठी उत्तर ११.

चूक काय होते तर नवीन फेरी सुरू झाली की लोक परत एक्क्यापासून "हा राहिला" असं मोजायला लागतात. पण या खेळात फेरी वगैरे काही नसतंच, राहिला-बाद-राहिला-बाद ही एकच साखळी शेवटपर्यंत न तुटता चालते. तुम्ही हे चुकताय का ते ओळखायची सोपी खूण आहे: वेगवेगळ्या आकड्यांसाठी करून बघा, दर वेळी उत्तर १ च यायला लागलं तर समजा की तुम्ही प्रत्येक फेरी नव्याने सुरू करताय.

आकडे शेजारी शेजारी लिहिले की दिसतं

आता कमी-जास्त पानं घेऊन हेच करत बसा, किंवा माझ्यावर विश्वास ठेवा, पण निदान ५, ६ आणि ७ साठी स्वतः कराच. उत्तरं अशी येतात:

```
माणसं : १ २ ३ ४ ५ ६ ७ ८ ९ १० ११ १२ १३ १४ १५ १६
उरणारा: १ १ ३ १ ३ ५ ७ १ ३ ५  ७  ९  ११ १३ १५ १
```

खालची ओळ नुसती मोठ्याने वाचा. १, मग १-३, मग १-३-५-७, मग १ ते १५ सगळे विषम, आणि १६ ला परत १. म्हणजे उत्तर दोन-दोनने वर चढतं आणि मधेच धपकन १ वर येतं. आणि ते १ वर कधी येतं? माणसं १, २, ४, ८, १६ असतात तेव्हा. दर वेळी दुप्पट होणारे आकडे, गणितात यांना २ चे घात म्हणतात, मी इथे दुपटीचे आकडे म्हणतो. अजून एक गोष्ट दिसते, सम नंबर कधीच उरत नाही. ते साहजिक आहे, पहिल्या चकरेतच सगळे सम जातात, त्यामुळे निवडायची संधी मिळाली तर सम जागेवर बसूच नका.

दुपटीच्या आकड्यालाच सुरुवात करणारा का जिंकतो

८ जण घ्या. एका पूर्ण चकरेत २, ४, ६, ८ गेले. शेवटी बाद झालेला ८, म्हणून पुढचा "राहिला" बरोबर १ वर येतो. म्हणजे काय झालं, तर माणसं निम्मी झाली आणि मोजणी जिथून सुरू झाली होती तिथेच परत आली. आता हाच खेळ ४ जणांचा, आणि सुरुवात १ पासूनच. परत निम्मे, २ जण, सुरुवात १ पासून. परत निम्मे, एकटा १.

मला कुणीतरी विचारलं होतं की मग सम आकडा असला की झालं ना, दुपटीचाच कशाला पाहिजे. तर ६ घेऊन बघा. २, ४, ६ गेले, मोजणी १ वर आली, इथपर्यंत छान. पण आता उरले ३ जण: १, ३, ५. १ राहिला, ३ बाद, ५ राहिला, आणि पुढचा बाद कोण, तर १. एकदा निम्मे करणं पुरत नाही, निम्मे करत करत थेट १ पर्यंत सम आकडेच यायला हवेत, आणि ते फक्त दुपटीच्या आकड्यांनाच जमतं.

मला विचाराल तर सगळं कोडं या एका गोष्टीत आहे: उरलेली माणसं दुपटीच्या आकड्याएवढी असतील, तर ज्याच्यापासून मोजणी सुरू होणार आहे तोच शेवटपर्यंत उरतो. मग तो १ नंबरचा असो की ११.

मग १३ चं काय

१३ हा दुपटीचा आकडा नाही. पण माणसं एकेक करून कमी होतायत ना, म्हणजे मधे एक क्षण असा येणारच की उरलेले बरोबर ८ असतील. त्या क्षणी मोजणी ज्याच्यावर आलेली असेल तो जिंकला. बस, तो कोण एवढंच शोधायचं.

१३ चे ८ व्हायला ५ जण बाद व्हायला हवेत. ते कोण, २, ४, ६, ८, १०. एकाला बाद करायला दोन जागा खर्च होतात, एक राहणाऱ्याची, एक बाद होणाऱ्याची, म्हणून ५ जणांना बाद करताना १० जागा ओलांडल्या आणि पुढची मोजणी ११ वर आली. आता गोलात कोण आहे: ११, १२, १३, १, ३, ५, ७, ९. मोजून बघा, ८ जण, आणि सुरुवात ११ पासून. म्हणून गुलाम.

इथे एक शंका मनात यायला हवी, की हे जास्तीचे लोक बाद करताना आपण चक्कर पूर्ण करून पुढे गेलो तर? तसं झालं तर "एकाला दोन जागा" हा हिशोब मोडेल, कारण मधल्या जागा रिकाम्या झालेल्या असतील. पण तसं कधीच होत नाही. आपण वजा करतो तो माणसांच्या संख्येत बसणारा सगळ्यात मोठा दुपटीचा आकडा, त्यामुळे जास्तीचे लोक त्या आकड्यापेक्षा नेहमी कमीच असतात, आणि मग जास्तीच्यांची दुप्पट एकूण माणसांपेक्षा कमीच भरते. पहिली चक्कर संपायच्या आतच काम होतं.

तर सूत्र असं:

```
उरणारा = २ × (माणसं − सगळ्यात मोठा दुपटीचा आकडा) + १
```

तोंडी करायचं तर पायऱ्या तीनच. मनात १, २, ४, ८, १६, ३२, ६४ असं म्हणत जा आणि माणसांच्या संख्येच्या पुढे जायच्या आधी थांबा. तो आकडा वजा करा. उरलेल्याची दुप्पट करून त्यात १ मिळवा. १०० जण असतील तर ६४ वर थांबलो, १०० वजा ६४ म्हणजे ३६, दुप्पट ७२, अधिक १, उत्तर ७३. आणि "आधी गुणायचं की वजा करायचं" असं विसरायला झालं तर ५ जणांचा खेळ बोटांवर करून बघा, ५ वजा ४ म्हणजे १, दुप्पट २, अधिक १, उत्तर ३. जुळलं की पुढे जा.

कोडं जरा वाकडं विचारलं तर

बहुतेक वेळा सूत्र बरोबर असतं आणि उत्तर तरी चुकतं, कारण कोडं विचारणाऱ्याने सुरुवात वेगळी धरलेली असते. म्हणून सगळ्यात आधी हे विचारा की पहिला बाद कोण होतो, १ की २? वरचं सगळं २ पहिला बाद होतो असं धरून आहे. १ च पहिला बाद होत असेल तर सगळी मोजणी एक जागा मागे सरकते, त्यामुळे उत्तरातून १ वजा करा. १३ साठी ११ ऐवजी १०. आणि वजा करून ० आला, जे दुपटीच्या आकड्यांना होतं, तर शेवटचा नंबर उरतो असं समजा. ८ जणांत १ पहिला बाद होत असेल तर ८ नंबरचा जिंकतो.

मोजणी भलत्याच माणसापासून सुरू झाली, तरी काही बिघडत नाही, त्या माणसापासून तेवढंच पुढे जायचं. १३ जण आहेत आणि ५ पासून सुरुवात केली, तर ५ मध्ये जास्तीच्यांची दुप्पट, म्हणजे १०, मिळवा. १५ आले, ते १३ च्या पुढे गेले म्हणून १३ वजा, उत्तर २. इथे सम नंबर उरला म्हणून दचकू नका, सम कधीच उरत नाही हे सुरुवात १ पासून असेल तेव्हाच खरं.

उलटा प्रश्नही विचारतात आणि तो मला जास्त आवडतो: मी ११ व्या जागेवर बसलोय, तर किती माणसं असली तर मी वाचेन? ११ मधून १ काढा, १०, निम्मे ५. म्हणजे जास्तीचे ५ हवेत. मग ५ पेक्षा मोठा कुठलाही दुपटीचा आकडा घ्या आणि त्यात ५ मिळवा: १३, २१, ३७, ६९, असंच पुढे. बाकी कशालाही नाही.

पत्त्यांची जादू, आणि माझी झालेली फजिती

याच्यावर एक जुनी करामत आहे. पूर्ण कॅट हातात उपडा धरायचा, वरचं पान खाली सरकवायचं, पुढचं टेबलावर टाकायचं, परत एक खाली, एक टेबलावर, शेवटी हातात एकच पान उरेपर्यंत. हे आपलंच कोडं आहे, फक्त गोलाऐवजी कॅट फिरतोय. ५२ मधून ३२ गेले २०, दुप्पट ४०, अधिक १, म्हणजे वरून ४१ वं पान उरणार. वरून ४१ मोजत बसण्यापेक्षा खालून १२ वं मोजा, तेच पान आहे. समोरच्याचं पान गुपचूप तिथे पोचवलं की पुढचं सगळं आपोआप होतं.

मी हे पहिल्यांदा चारचौघांसमोर केलं तेव्हा कॅटमधलं एक पान हरवलेलं होतं, हे मला माहीत नव्हतं. मी खालून १२ वर पान ठेवलं, पण ५१ पानांत ती जागा वरून ४० वी झाली. चाळीस म्हणजे सम. ते पान पहिल्याच चकरेत टेबलावर पडलं आणि मी अजून तीसेक पानं तशीच सरकवत बसलो होतो, शेवटी भलतंच पान उलटलं तेव्हा कळलं. ५१ ला उत्तर ३९ असतं. जोकर काढायचे राहिले आणि ५४ पानं असतील तर ४५. त्यामुळे आधी पानं मोजा. आणि पहिलं पान खाली सरकवता की टेबलावर टाकता हे पण पक्कं ठेवा, पहिलंच टेबलावर गेलं तर ५२ ला ४० वं पान उरतं, ४१ वं नाही.

बायनरीत आणि कोडमध्ये

ज्यांना बायनरी येतं त्यांच्यासाठी अजून छोटा रस्ता आहे. १३ बायनरीत लिहा, 1101. सगळ्यात डावीकडचा 1 उचला आणि उजव्या टोकाला ठेवा: 1011. हे झाले ११. का होतं असं? डावीकडचा 1 काढणं म्हणजे सगळ्यात मोठा दुपटीचा आकडा वजा करणं, राहिलेले अंक एक घर डावीकडे सरकणं म्हणजे दुप्पट, आणि टोकाला 1 लागला म्हणजे अधिक १. सूत्रच आहे ते, वेगळं काही नाही.

पायथॉनमध्ये सूत्र आणि हाताने खेळल्यासारखी मोजणी दोन्ही लिहा आणि एकमेकांशी ताडून बघा:

```python
from collections import deque

def fast(n):
    p = 1 << (n.bit_length() - 1)
    return 2 * (n - p) + 1

def slow(n):
    q = deque(range(1, n + 1))
    while len(q) > 1:
        q.rotate(-1)
        q.popleft()
    return q[0]

print(all(fast(n) == slow(n) for n in range(1, 2001)))
```

`True` आलं पाहिजे. कोडमध्ये दोन ठिकाणी लोक अडकतात. एक तर २ चा घात काढायला `2^m` लिहितात, पण पायथॉनमध्ये `^` म्हणजे घात नाही, त्यामुळे एरर न येता चुकीचं उत्तर येतं, आणि ते जास्त वाईट. दुसरं म्हणजे `log` घेऊन खालचा पूर्णांक काढतात, मोठ्या आकड्यांना दशांशात बारीक फरक पडतो आणि दुपटीच्या आकड्याच्या आजूबाजूला उत्तर एकदम बिघडतं. `bit_length` ला हा त्रास नाही. आणि नंबर ० पासून धरले असतील तर शेवटचा अधिक १ काढून टाका.

इंटरनेटवर ४१ जणांचं उत्तर वेगळं का दिसतं

या कोड्याला जोसेफसचं कोडं म्हणतात. जोसेफस हा पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार. इसवी सन ६७ मध्ये योदफात हे गाव रोमनांच्या हाती पडलं तेव्हा तो ४० जणांसोबत लपलेला होता, शरण जाण्यापेक्षा एकमेकांना मारायचं ठरलं, आणि शेवटी तो आणि अजून एक जण असे दोघंच उरले. त्याने स्वतः लिहिलंय ते चिठ्ठ्या टाकल्याचं, गोल करून मोजल्याचं नाही, गोलाचं कोडं नंतरच्या लोकांनी त्यावर रचलं.

तो धरून एकूण ४१ जण, म्हणून आपल्या सूत्राने ४१ वजा ३२, ९, दुप्पट १८, अधिक १, म्हणजे १९ वी जागा. त्याचा जोडीदार कुठे बसला असता? तो पण निघतो. ९ जण गेल्यावर ३२ उरतात, सुरुवात १९ पासून. दर चकरेला निम्मे होत गेले की शेवटी दोघं उरतात, एक सुरुवात करणारा आणि दुसरा गोलात त्याच्या बरोबर समोरचा. म्हणजे १९ पासून १६ माणसं पुढे, ३५ वी जागा. १३ पानांत ताडून बघा, ८ उरले तेव्हा गुलामापासून चार पानं पुढे गेलं की तिर्री येते, आणि शेवटी तिर्रीच बाद झाली होती.

पण बऱ्याच ठिकाणी ४१ चं उत्तर ३१ दिलेलं असतं आणि जोडीदार १६. ते चूक नाही, ते कोडं दर तिसरा बाद होतो असं आहे. आपलं सूत्र तिथे अजिबात चालत नाही, कारण निम्मे-निम्मे होण्याची सगळी गंमत एक सोडून एक असेल तेव्हाच आहे. दर तिसऱ्यासाठी एकेक माणूस वाढवत जावं लागतं: नंबर ० पासून धरा, एकटा असताना उत्तर ०. मग दर वेळी आधीच्या उत्तरात ३ मिळवायचे आणि आत्ता जितकी माणसं आहेत तितक्याने भागून बाकी घ्यायची. २ जणांना १, ३ जणांना १, ४ जणांना ०, ५ जणांना ३. शेवटी १ मिळवला की ५ जणांत चौथा उरतो. पत्त्यांवर करून बघा, ३, १, ५, २ असे बाद होतात आणि ४ राहतो. असंच ४१ पर्यंत जात राहिलात की ३० येतात, म्हणजे ३१ वी जागा.